आधी पोट मोकळं, मग मात्रा

मुलाला खडा होतो, शी करताना ते रडतं, म्हणून डॉक्टरांकडे नेलं की हल्ली बहुतेक वेळा एक पांढरी पावडर लिहून मिळते. पाण्यात विरघळवायची आणि रोज द्यायची. चार-पाच दिवसांनी घरोघरी दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर काहीच फरक पडत नाही, किंवा मुलाची चड्डी दिवसातून तीन-चारदा खराब होऊ लागते. दोन्ही वेळा आईवडील पावडर बंद करतात. पुन्हा एरंडेल, मनुकांचं पाणी आणि साबणाची कांडी सुरू होते.

या पावडरीचं नाव पॉलिएथिलीन ग्लायकॉल ३३५०. डॉक्टर आपसात तिला ‘पेग’ म्हणतात. मुलांच्या बद्धकोष्ठतेवर जगभरातले बालपोटविकारतज्ज्ञ आज सर्वांत आधी हेच औषध सुचवतात. तरीही ते घरी फसतं, आणि याचं कारण बहुतेक वेळा औषधात नसून त्याच्या मात्रेत असतं. सुरुवातीची मात्रा वजनावरून काढता येते, पण योग्य मात्रा मुलाची रोजची शी पाहूनच ठरते. हे दोन टप्पे आईवडिलांना नीट समजले, तर पावडर मध्येच सोडून देण्याची वेळ सहसा येत नाही.

पावडर पोटात काय करते

पेग म्हणजे एक लांबलचक रेणू. तो पाणी धरून ठेवतो आणि आतड्यातून रक्तात जवळजवळ शोषला जात नाही. त्यामुळे पेल्यात ज्या पाण्यात तो विरघळवला, त्यातलं बरंचसं पाणी तो मोठ्या आतड्यापर्यंत घेऊन जातो आणि शी मऊ ठेवतो. आतड्याला तो डिवचत नाही, कळ आणत नाही. आतड्यातल्या जिवाणूंनाही तो पचवता येत नाही. म्हणून लॅक्ट्युलोजच्या गोड सिरपने होतो तसा गॅस याने कमी होतो.

यातून दोन गोष्टी कळतात. औषध पाण्याच्या जोरावर चालतं, त्यामुळे पावडर कमी पाण्यात कालवून किंवा चमच्याने कोरडी देऊन भागत नाही. शिवाय पेल्यातलं पाणी शीपर्यंत पोचायला एक ते तीन दिवस लागतात. आज दिलेल्या मात्रेचा परिणाम उद्या सकाळी दिसलाच पाहिजे, अशी अपेक्षा ठेवली की मात्रा रोज वरखाली केली जाते आणि सगळा हिशेब बिघडतो.

‘याची सवय लागेल’ ही भीती फार जुनी आहे. पेग आतड्याच्या स्नायूंना कामाला लावत नाही, म्हणून त्यांना त्याची सवय लागण्याचा प्रश्न येत नाही. औषध थांबवल्यावर पुन्हा खडा होतो, तो मूळ त्रास पुरता बरा होण्याआधीच औषध थांबवल्यामुळे.

दुसरी भीती नावाची आहे. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या दूषित सिरपमुळे मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली. त्यातल्या अनेकांवर नागपुरात उपचार झाले आणि बरीच मुलं दगावली. त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होतं. नाव जवळचं वाटलं तरी पेग हा वेगळा पदार्थ आहे. त्याचा रेणू कितीतरी मोठा असतो आणि तो शरीरात शोषला न जाता शीबरोबर बाहेर पडतो. औषधी दर्जाच्या पेगमध्ये डायएथिलीन ग्लायकॉलचा अंश किती असू शकतो, यावर औषधकोशात मर्यादा घातलेली आहे. म्हणून पावडर परवानाधारक दुकानातून, सीलबंद आणि बिल घेऊनच घ्यावी.

सोहमचं उदाहरण

हिशेब समजण्यासाठी एक मुलगा डोळ्यांसमोर आणू. त्याला सोहम म्हणू. वय चार वर्षं, वजन १६ किलो. तीन महिन्यांपासून त्याला आठवड्यातून दोनदाच शी होते, तीही एवढी जाड की संडासात पाणी ओतून जात नाही. मधल्या दिवसांत तो अचानक खेळ सोडून पडद्यामागे जातो, टाचा उचलतो, पाय एकमेकांवर घट्ट आवळतो आणि लालबुंद होतो. आजीला वाटतं, पोरगं कुंथतंय. खरं तर तो शी आत ओढून धरत असतो. एकदा दुखल्यावर मुलं शीला घाबरतात आणि रोखतात. रोखलेली शी आत सुकते आणि पुढच्या वेळी आणखी दुखते.

गेल्या महिन्यापासून सोहमच्या चड्डीला रोज पातळ शी लागते. घरच्यांना वाटलं जुलाब, म्हणून पावडर बंद केली. डॉक्टरांनी पोट तपासलं तेव्हा बेंबीखाली डाव्या बाजूला टणक गोळा हाताला लागला. मोरीच्या तोंडाशी दगड अडकला की पाणी कडेकडेने झिरपत राहतं, तसंच इथे होतं. शीचा जुना गोळा जागचा हलत नाही आणि वरची पातळ शी त्याच्या बाजूने गळते. मुलाला ती कळतही नाही, म्हणून त्याला रागावून उपयोग नसतो.

अशा मुलाला थेट रोजची छोटी मात्रा सुरू केली तर गळती वाढते आणि गोळा तसाच राहतो. म्हणून आधी पोट मोकळं करायचं आणि मग रोजची मात्रा लावायची. या दोन टप्प्यांच्या मात्रांमध्ये जवळजवळ तिप्पट-चौपट फरक आहे.

पहिला टप्पा: पोट मोकळं करणं

युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१४ मध्ये एकत्रित मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. त्यांच्यानुसार साठलेली शी काढण्यासाठी पेगची मात्रा दिवसाला दर किलोमागे १ ते १.५ ग्रॅम, तीन ते सहा दिवस. सोहमच्या १६ किलोंसाठी हे १६ ते २४ ग्रॅम होतात. डॉक्टरांनी वरची मात्रा निवडली, म्हणजे दिवसाला २४ ग्रॅम.

हे २४ ग्रॅम मोजायचे कसे? घरातले चमचे लहान-मोठे असतात, त्यामुळे ‘दोन चमचे’ या सूचनेला अर्थ नाही. पाकिटावर किंवा डब्यावर पेग किती ग्रॅम आहे ते वाचायचं. काही पावडरींत पेगबरोबर क्षारही असतात, तेव्हा एकूण वजन बाजूला ठेवून फक्त पेगचा आकडा धरायचा. डब्याबरोबर माप आलं असेल तर त्यात सपाट भरून किती ग्रॅम बसतात, हे औषधविक्रेत्याकडून नक्की करून घ्यायचं. कोलोनोस्कोपीच्या आधी पोट साफ करायला मोठ्यांना मिळणारं पाकीटही पेगचंच असतं, पण त्यात शंभर ग्रॅमहून जास्त पावडर असते. ते चुकून रोजच्या वापराला आणू नये.

पाण्याचं एक सोपं गणित सांभाळलं तर पुढे सगळं सोपं जातं. दर ग्रॅमला १० मिली पाणी. म्हणजे १७ ग्रॅमचं पाकीट १७० मिली पाण्यात विरघळवलं की त्यातले १० मिली म्हणजे एक ग्रॅम. मग ग्रॅम तोलायची गरज उरत नाही, औषधाच्या मापाने मिलीलिटर मोजले की झालं. त्याहून जास्त पाणी घेतलं तरी चालतं. पावडर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळायचं. बिनक्षारांच्या पावडरीला जवळजवळ चव नसते, म्हणून ती लिंबू सरबतात किंवा दुधात दिली तरी मुलाला कळत नाही. उरलेलं झाकून फ्रिजमध्ये ठेवावं आणि चोवीस तासांत वापरून संपवावं.

सोहमला २४ ग्रॅम, म्हणजे २४० मिली, सकाळ-दुपार-संध्याकाळ तीन भागांत दिले. हे दिवस शाळेला सुट्टी असताना गाठले, कारण पुढचे काही दिवस घरीच राहावं लागणार होतं. पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी गळती वाढली आणि पोटात दुखायला लागलं. नेमकी इथेच पुष्कळ घरांत पावडर बंद होते. सोहमच्या आईला डॉक्टरांनी हे आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून ती थांबली नाही. तिसऱ्या दिवशी एक मोठा, काळसर, टणक गोळा पडला. चौथ्या दिवशी त्यामागची जुनी शी तुकड्यातुकड्यांनी आली. पाचव्या दिवशी फक्त पातळ, बिनगाठींची शी होत होती. पोट मऊ झालं होतं आणि गोळा हाताला लागत नव्हता. या खुणा दिसल्या की पहिला टप्पा संपला असं समजायचं. किती दिवस झाले, यापेक्षा या खुणा महत्त्वाच्या. सहा दिवसांतही हे झालं नाही, तर घरी आणखी मात्रा न चढवता डॉक्टरांना परत दाखवायचं. मूल वारंवार ओकत असेल आणि पोट फुगून टणक होत असेल, तर पावडर तिथेच थांबवून ताबडतोब दवाखाना गाठायचा.

ज्या मुलाच्या पोटात गोळा साठलेला नाही, त्याला हा टप्पा लागत नाही. ते डॉक्टरांनी पोट तपासून ठरवायचं.

दुसरा टप्पा: रोजची मात्रा

पोट मोकळं झालं की दुसऱ्याच दिवसापासून रोजची मात्रा सुरू होते. मध्ये चार दिवसांची सुट्टी घेतली तर शी पुन्हा साठू लागते. २०१४ च्या तत्त्वांनुसार सुरुवात दिवसाला दर किलोमागे ०.४ ग्रॅमने करायची. पुढे शी पाहून ती ०.२ ते ०.८ ग्रॅमच्या दरम्यान कुठेही स्थिरावू शकते. आपल्याकडे अनेक बालरोगतज्ज्ञ थोड्या वरूनच सुरुवात करतात. त्याने फारसं बिघडत नाही, कारण सुरुवातीचा आकडा पुढे बदलण्यासाठीच असतो.

सोहमसाठी १६ गुणिले ०.४ म्हणजे ६.४ ग्रॅम, पाण्यात मोजलं तर साधारण ६५ मिली. मोठ्या मुलांबाबत एक लक्षात ठेवावं. ४० किलोच्या मुलाचा हाच हिशेब १६ ग्रॅम येतो, आणि मोठ्या माणसाची रोजची नेहमीची मात्रा १७ ग्रॅम आहे. म्हणून मूल मोठं आणि वजनदार असेल तर वजनाने गुणत वर वर जायचं नाही. मोठ्यांच्या मात्रेजवळ थांबून डॉक्टरांना विचारायचं.

आता मात्रा कमी-जास्त करायची कशावरून? ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी शीच्या सात प्रकारांचा एक तक्ता केला आहे. पहिला प्रकार म्हणजे शेळीच्या लेंड्यांसारखे सुटे खडे, सातवा म्हणजे निव्वळ पाणी. आपल्याला चौथा हवा आहे: लांबट, गुळगुळीत, मऊ शी, जी न कुंथता पडते. ज्या मुलाला शीची धास्ती बसली आहे, त्याची शी पहिले काही आठवडे त्याहून थोडी मऊच ठेवलेली बरी. दुखत नाही याची खात्री पटल्याशिवाय मूल रोखायचं थांबत नाही.

मात्रा बदलायची ती पायरीपायरीने. एक पायरी म्हणजे किलोमागे साधारण ०.१ ग्रॅम. सोहमच्या बाबतीत ती दीड ग्रॅमच्या आसपास, म्हणजे १५ मिली येते. एक पायरी चढली किंवा उतरली की निदान तीन दिवस तिथेच थांबायचं, कारण औषधाचा परिणाम दिसायला तेवढा वेळ लागतो.

सोहमच्या आईने एका वहीत रोज तीनच गोष्टी लिहिल्या: किती मिली दिलं, शी कितव्या प्रकारची झाली, रडला का. ६५ मिलीवर चौथ्या दिवशी शी झाली, पण ती दुसऱ्या प्रकारची, गाठीगाठींची होती आणि तो रडला. मात्रा ८० मिली केली. पुढच्या तीन दिवसांत शी रोज एकदा, चौथ्या प्रकारची, न रडता झाली. मग ८० मिली, म्हणजे ८ ग्रॅम, हीच त्याची मात्रा ठरली. किलोमागे ०.५ ग्रॅम. दुसऱ्या एखाद्या १६ किलोच्या मुलाची मात्रा ४ ग्रॅम ठरेल, तिसऱ्याची १२ ग्रॅम. शेजारच्या मुलाला किती लागते, यावरून आपल्या मुलाची मात्रा ठरत नाही. किलोमागे ०.८ ग्रॅमपर्यंत जाऊनही शी टणकच राहिली, तर पोट पुन्हा भरलं आहे का किंवा आजार वेगळाच आहे का, हे डॉक्टरांनी तपासायला हवं.

चड्डी खराब झाली: मात्रा जास्त की कमी?

पंधरा दिवसांनी सोहमची चड्डी पुन्हा भरू लागली. आईवडील सगळ्यात जास्त चुकतात ते इथे. दिसायला एकसारख्या वाटणाऱ्या दोन गोष्टींचा उपाय नेमका उलटा आहे.

मात्रा जास्त झाली असेल, तर पूर्ण शीच पातळ होते, दिवसातून तीन-चारदा होते, मूल संडासाकडे धावतं आणि पोट मऊ असतं. तेव्हा एक पायरी खाली यायचं. पावडर पूर्ण बंद करायची नाही. बंद केली की आठवड्याभरात पुन्हा खडा आणि पुन्हा रडणं.

शी पुन्हा साठत असेल, तर चड्डीला थोडी थोडी शी लागत राहते. मुलाला त्याचा पत्ता नसतो, दोन-तीन दिवसांत मोठी शी झालेली नसते, भूक मंदावते आणि पोटात गोळा हाताला लागतो. इथे मात्रा कमी केली तर त्रास वाढतो. डॉक्टरांना विचारून पहिला टप्पा एक-दोन दिवस पुन्हा करावा लागतो आणि त्यानंतर रोजची मात्रा एक पायरी वर न्यावी लागते.

सोहमच्या वहीत रोज एकदा मोठी शी लिहिलेली होती. चड्डी भरली त्या दोन दिवसांत शी पाण्यासारखी आणि चारदा होती. शिवाय त्याला तापही होता. म्हणजे हे साथीचे जुलाब होते. मात्रा दोन दिवस ८० वरून ६५ मिलीवर आणली, ओआरएस दिलं, आणि जुलाब थांबल्यावर पुन्हा ८० केली. वही नसती तर पावडर बंद झाली असती.

औषधाबरोबर बसायची सवयही लागते. नाश्ता किंवा जेवणानंतर आतडं आपोआप हलतं, म्हणून त्या वेळी मुलाला पाच-दहा मिनिटं संडासात बसवावं. कमोड असेल तर पायाखाली पाट द्यावा, कारण पाय लोंबकळत असताना मुलाला जोर लावता येत नाही. खाण्यात भाजी, फळं, डाळी आणि पाणी नेहमीसारखं असावं. त्यापलीकडे जादा फायबर किंवा तांब्या-तांब्या पाणी दिल्याने ही बद्धकोष्ठता सुटते, याला आधार नाही.

हे औषध कुणाला डॉक्टरांशिवाय देऊ नये

एक वर्षाखालच्या बाळाला ही पावडर आपल्या मनाने द्यायची नाही. जन्मानंतर पहिली काळी शी व्हायला दोन दिवसांहून जास्त लागले असतील, पहिल्या महिन्यापासूनच खडा होत असेल, उलटी हिरवी होत असेल, पोट सतत फुगलेलं असेल, वजन वाढत नसेल किंवा पायांत अशक्तपणा असेल, तर कारण वेगळं असू शकतं. त्यात हर्षस्प्रंग नावाचा आतड्याच्या नसांचा जन्मजात आजारही येतो. शीत रक्त दिसलं तर ते गुदद्वाराच्या चिरीतलं आहे की आतलं, हे तपासून घ्यावं. ज्या मुलाला गिळताना ठसका लागतो, त्याला पातळ औषध पाजताना ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

कधी आणि कसं थांबवायचं

शी नीट होऊ लागली की महिन्याभरात औषध बंद करण्याचा मोह होतो. पण शी साठून साठून गुदाशय ताणलेला असतो. तो पूर्वीच्या आकाराला यायला आणि ‘शी आली’ ही जाणीव परतायला वेळ लागतो. मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की रोजची मात्रा निदान दोन महिने द्यावी आणि सगळा त्रास मिटल्यानंतर निदान एक महिना गेला की मगच कमी करायला लागावं. जी मुलं संडासाची सवय शिकण्याच्या वयात आहेत, त्यांचं औषध ती सवय पक्की होईपर्यंत थांबवत नाहीत. बहुतेक मुलांना त्याहून जास्त वेळ लागतो. तज्ज्ञांकडे पाठवलेल्या मुलांपैकी सुमारे निम्मी मुलं सहा ते बारा महिन्यांत बरी होऊन औषधातून मोकळी होतात. बाकीच्यांना आणखी काळ औषध लागतं, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

सोहमने पाच महिने ८ ग्रॅम घेतले. त्या काळात वजन किलोभर वाढलं, पण शी चांगली होत असल्याने मात्रा पुन्हा गुणायची गरज पडली नाही. नंतर डॉक्टरांनी ती दोन-दोन ग्रॅमने उतरवली: ८, ६, ४, २. प्रत्येक पायरीवर दोन आठवडे. ४ ग्रॅमवर असताना दोन दिवस शी झाली नाही आणि तिसऱ्या दिवशी गाठीची झाली, तेव्हा तो महिनाभर पुन्हा ६ ग्रॅमवर राहिला आणि मग परत उतरला. औषध बंद झाल्यावरही पावडरीचा डबा घरात ठेवला आहे. सोहम पुन्हा टाचा उचलून पाय आवळताना दिसला किंवा सलग दोन दिवस शी झाली नाही, तर गोळा तयार होईपर्यंत थांबायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून शेवटच्या लागू पडलेल्या मात्रेपासून सुरुवात करायची, असं त्याच्या आईला सांगून ठेवलं आहे.